परीक्षकांच्या दुरुस्त्या आणि त्यांचं उत्तर: बडोद्यातल्या एका प्रबंधाचं प्रकरण

प्रबंधाचा विषय होता बडोदा संस्थानातलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण, १८९३ ते १९०६. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग म्हणून ही सक्ती सुरू केली आणि १९०६ मध्ये कायदा करून ती सगळ्या संस्थानाला लागू केली. या तेरा वर्षांत शाळा, हजेरी, दंड आणि पालकांचा विरोध यांचं काय झालं, हे प्रबंधात मांडलं होतं. संशोधिका वडोदऱ्याचीच, दांडिया बाजारात वाढलेली. साधनं बरीचशी कोठी इमारतीतल्या अभिलेखागारातली आणि संस्थानाच्या छापील वार्षिक अहवालांमधली. प्रबंध मराठीत लिहिलेला, मार्गदर्शक मी. तिच्या संमतीने, पण नाव न देता, हे प्रकरण इथे मांडते आहे.

दोन बाह्य परीक्षकांचे अहवाल परीक्षा विभागामार्फत आले. दोघांनीही पदवीची शिफारस केली होती, मात्र दुरुस्त्यांच्या अटीवर. दुरुस्त प्रबंधासोबत एक निवेदन जोडायचं होतं: कोणती सूचना, काय बदल केला, कोणत्या पानावर, आणि का. बहुतेक विद्यार्थी हे निवेदन शेवटच्या दोन दिवसांत, बाइंडिंगवाल्याकडे जाण्याआधी उरकतात. तिचा पहिला मसुदाही तसाच होता. तीन रकाने, आडवं पान, आणि तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘सूचनेप्रमाणे दुरुस्त केले’.

असं निवेदन परत येतं, त्यामागचं कारण साधं आहे. परीक्षकाने प्रबंध वाचून काही महिने झालेले असतात. त्याच्याकडे असते जुनी प्रत, तिच्या समासात त्याच्याच पेन्सिलच्या खुणा, आणि त्या खुणा जुन्या पानांवर आहेत. नवी प्रत हातात आली की तो ती पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचत नाही. निवेदन उघडतो, आपली सूचना शोधतो, सांगितलेलं पान काढतो आणि पाहतो. ‘दुरुस्त केले’ एवढंच वाचून त्याला काही पडताळता येत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत जुनं पान आणि नवं पान दोन्ही हवीत. जुनं त्याच्या खुणेसाठी, नवं त्याच्या खात्रीसाठी.

रकान्यांचा तक्ता मी आधी काढायला लावला. मराठी मजकूर अरुंद रकान्यात घातला की एक वाक्य सहा ओळींचं होतं आणि लिहिणारा नकळत आखडता हात घेतो. नेमकं कारणच त्यात तुटपुंजं राहतं. त्याऐवजी एकाखाली एक नोंदी: सूचना परीक्षकाच्याच शब्दांत, मग बदल, मग पानं, मग कारण.

एका वाक्यातल्या तीन मागण्या

पहिल्या परीक्षकांच्या अहवालात एक वाक्य असं होतं: ‘चौथ्या प्रकरणातील तक्त्यांची वर्षे तपासावीत, मुंबई इलाख्याशी केलेली तुलना त्या आधारे पुन्हा पाहावी आणि निष्कर्षात त्याचा विचार व्हावा.’

मसुद्यात याचं उत्तर होतं: ‘तक्ता ४.२ तपासून दुरुस्त केला, पान १३१.’ म्हणजे तीन मागण्यांपैकी एकीलाच उत्तर, आणि तेही काय दुरुस्त केलं हे न सांगता. अहवाल हातात आला की पहिलं काम त्याचे तुकडे पाडायचं. जिथे जिथे वेगळी कृती मागितली आहे तिथे वेगळा क्रमांक. हे वाक्य आम्ही १.३ क, ख आणि ग असं तोडलं. परीक्षकांची नावं आपल्याला माहीत नसतात, किंवा माहीत असली तरी लिहायची नसतात. म्हणून ‘परीक्षक १’ची तिसरी सूचना ती १.३. तोडताना शब्द मात्र बदलायचे नाहीत. सूचना आपल्या शब्दांत सांगायला गेलं की ती आपल्याला सोयीची होते, आणि परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येतं.

हीच सूचना सगळ्यांत महत्त्वाची निघाली, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

तक्ता ४.२ मध्ये बडोदा संस्थान आणि मुंबई इलाखा यांची शाळांतली पटसंख्या वर्षवार समोरासमोर ठेवली होती. दोन्हीकडे मथळे सारखेच: १८९८–९९, १८९९–१९००, १९००–०१. पण बडोद्याचं प्रशासकीय वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपे, आणि ब्रिटिश इलाख्यांचं १ एप्रिल ते ३१ मार्च. म्हणजे ‘१८९९–१९००’ या एकाच मथळ्याखाली बडोद्याचे ऑगस्ट १८९९ ते जुलै १९०० हे महिने होते आणि मुंबईचे एप्रिल १८९९ ते मार्च १९००. दोन्हींत सामाईक महिने आठच.

एरवी ही चार महिन्यांची सरक खपूनही गेली असती. पण मध्ये छपन्याचा दुष्काळ आहे. संवत १९५६ वरून त्याला हे नाव पडलं. १८९९ चा पावसाळा कोरडा गेला आणि गुजरात-काठियावाडात १९०० च्या उन्हाळ्यापर्यंत हाल शिगेला पोहोचले. वर कॉलरा होताच. हा उन्हाळा बडोद्याच्या हिशोबात १८९९–१९०० मध्ये येतो, आणि मुंबईच्या हिशोबात एप्रिलपासून पुढच्या वर्षात, १९००–०१ मध्ये. तिने लिहिलं होतं की दुष्काळाचा फटका बडोद्याच्या शाळांना आधी बसला, पण सक्तीमुळे त्या मुंबईच्या शाळांपेक्षा एक वर्ष लवकर सावरल्या. तक्त्यात तसं दिसतच होतं, आणि ते वाचायला फार छान वाटत होतं. पण ती लवकर आलेली उभारी बऱ्याच अंशी पंचांगाची होती. दोन वेगवेगळ्या तारखांना बंद होणाऱ्या वह्या एकाच दिवशी बंद झाल्या असं धरलं की असं दिसणारच.

मग दुरुस्ती काय करायची? तिने आधी मासिक आकडे मिळवून दोन्ही वर्षं एका मापात आणायचा विचार केला. छापील अहवालांत आकडे वर्षाचे आहेत, महिन्याचे नाहीत. अमरेलीच्या काही शाळांची मासिक हजेरी दप्तरात सापडते, पण साऱ्या संस्थानाची नाही. बारा महिन्यांचा आकडा सरासरीने वाटून चार महिने इकडचे तिकडे करणं म्हणजे दुष्काळातले महिने आणि सुगीचे महिने सारखे मानणं. नेमकी तीच गोष्ट तपासायची असताना हा मार्ग बंद होता. त्यामुळे वर्षवार तुलना मागे घ्यावी लागली. दीर्घ कालखंडाचा कल तेवढा राहिला, कारण तिथे चार महिन्यांनी मोठा फरक पडत नाही.

अंतिम निवेदनातली नोंद अशी झाली:

> १.३ क. सूचना: ‘चौथ्या प्रकरणातील तक्त्यांची वर्षे तपासावीत…’
> बदल: तक्ते ४.१ ते ४.४ मध्ये वर्षाच्या मथळ्याऐवजी वर्षअखेरीची तारीख दिली आहे (बडोदा: ३१ जुलै, मुंबई इलाखा: ३१ मार्च). तक्ता ४.२ खाली टीप जोडली आहे. आकड्यांत बदल नाही.
> जुनी पाने १२८, १३१, १३४, १३९. नवी पाने १२६, १२९, १३३, १३८.
> कारण: दोन्ही प्रशासनांची वर्षे वेगळ्या तारखांना संपत असल्याने एकाच मथळ्याखालील आकड्यांत आठच महिने सामाईक होते.
>
> १.३ ख. सूचना: ‘…मुंबई इलाख्याशी केलेली तुलना त्या आधारे पुन्हा पाहावी…’
> बदल: ‘बडोद्यातील शाळा एक वर्ष आधी सावरल्या’ हे विधान आणि त्यावर आधारलेले दोन परिच्छेद काढले. त्या जागी १८९३–१९०६ या संपूर्ण काळातील वाढीची तुलना आणि तिच्या मर्यादा दिल्या आहेत.
> जुनी पाने १३२–१३३. नवी पाने १३०–१३२.
> कारण: १९०० चा उन्हाळा दोन्ही अहवालांत वेगवेगळ्या वर्षांत नोंदला गेला आहे. मासिक आकड्यांअभावी वर्षे जुळवता येत नाहीत, म्हणून वर्षवार अनुमान टिकत नाही.

‘आकड्यांत बदल नाही’ हे तीन शब्द मी आग्रहाने घालायला लावले. तक्ता बदलला असं वाचलं की परीक्षकाच्या मनात पहिली शंका आकडे फिरवले का, ही येते. काय बदललं नाही तेही सांगितलं की ती शंका तिथेच मिटते.

१.३ ग साठी, म्हणजे निष्कर्षासाठी, ती शेवटच्या प्रकरणातलं एक वाक्य बदलून थांबली होती. मी विचारलं, “सारांशात काय लिहिलंयस?” तिने पान काढलं. “मॅडम, इथेही आहे. आणि प्रस्तावनेतसुद्धा.” मागे घेतलेलं विधान सारांश, प्रस्तावना, प्रकरण चारचा समारोप आणि शेवटचं प्रकरण अशा चार ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत बसलं होतं. परीक्षक सूचना करतात एका पानावर, पण विधान प्रबंधभर पसरलेलं असतं. एका ठिकाणी काढून दुसरीकडे ठेवलं तर प्रबंध स्वतःशीच भांडतो, आणि मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तिथूनच येतो. नोंद १.३ ग मध्ये म्हणून चारही पानांचे जुने-नवे क्रमांक आले.

अशी ठिकाणं शोधायला वर्डमधलं `Find` उपयोगी पडतं, पण मराठीत पूर्ण शब्द टाकून भागत नाही. विभक्ती आणि लिंगाने शब्दाची शेपूट बदलते. दुसऱ्या एका सूचनेत ‘भारतातील पहिला प्रयोग’ हा दावा सौम्य करायला सांगितलं होतं. तिथे ‘पहिला’ शोधून निम्मीच ठिकाणं हाती आली. ‘पहिल’ एवढंच टाकल्यावर पहिली, पहिले, पहिल्यांदा सापडले. ‘सर्वप्रथम’, ‘प्रथमच’ आणि ‘आद्य’ तरीही वेगळे शोधावे लागले. एवढं करून प्रकरणांचे समारोप एकदा डोळ्यांनी वाचायचेच, कारण तोच दावा तो शब्द न वापरताही केलेला असतो.

पानांचे आकडे कधी भरायचे

सगळ्यात शेवटी. हे सांगूनही ऐकलं जात नाही. पाचवी सूचना पूर्ण केली की तिच्या नोंदीत पान लिहायचं, मग सहाव्या सूचनेसाठी आधीच्या प्रकरणात दोन परिच्छेद काढायचे, आणि मागचे सगळे आकडे चुकायचे, असं होतं. नोंदीत पानाची जागा रिकामी ठेवून तिथे परिच्छेदाचे पहिले दोन-तीन शब्द लिहून ठेवावेत. शेवटचा बदल झाला, अनुक्रमणिका अद्ययावत झाली (`Ctrl+A`, मग `F9`), पीडीएफ तयार झाली, की त्या पीडीएफमधून आकडे भरावेत.

पीडीएफ का, तर फाँटमुळे. रावपुऱ्यातल्या एका दुकानात प्रबंध छापायला दिला तेव्हा तिथल्या संगणकावर तिने वापरलेला देवनागरी फाँट नव्हता. वर्डची फाइल उघडताच दुसरा फाँट लागला, जोडाक्षरांची उंची वाढली, ओळी कमी बसल्या आणि पाठच्या प्रकरणांची पानं पुढे सरकली. तिने सहज पान १३० उघडून पाहिलं म्हणून ते कळलं. तेव्हापासून मी सगळ्यांना छपाईला पीडीएफच द्यायला सांगते, तीही फाँट आत घातलेली. छापून आल्यावर निवेदनातल्या पाच-सहा नोंदी प्रत्यक्ष पानांवर ताडून पाहायच्या. त्यातली एक तरी प्रबंधाच्या शेवटच्या भागातली हवी, कारण सरक तिथे सर्वांत जास्त साठलेली असते.

बदल नेमके कुठे झाले हे स्वतःच्या खात्रीसाठी पाहायचं तर वर्डमध्ये `Review`, मग `Compare` घेऊन मूळ सादर केलेली फाइल आणि नवी फाइल समोरासमोर लावता येते. त्यासाठी मूळ फाइल हात न लावता जपलेली असली पाहिजे.

दोन परीक्षक, दोन दिशा

दुसऱ्या प्रकरणात सयाजीराव महाराजांचं पूर्वायुष्य होतं: कवळाण्याहून आगमन, २७ मे १८७५ चं दत्तकविधान, इंग्रज शिक्षक एलियट यांच्याकडचं शिक्षण, २८ डिसेंबर १८८१ ला मिळालेले पूर्ण अधिकार. पहिल्या परीक्षकांना हे प्रकरण लांबलेलं वाटलं, ‘संक्षेप करावा’ म्हणाले. दुसऱ्यांनी लिहिलं, ‘महाराजांच्या स्वतःच्या शिक्षणाची पार्श्वभूमी अधिक विस्ताराने यावी.’

मसुद्यात तिने दोघांनाही होकार दिला होता. पहिल्यांना सांगितलं की प्रकरण कमी केलं, दुसऱ्यांना सांगितलं की वाढवलं. दोन्ही खरं होतं, पण निवेदन एकच आहे आणि ते दोघांकडे जाणार. अशा वेळी निर्णय एकदाच, एका नोंदीत, उघडपणे सांगावा आणि दुसऱ्या नोंदीत तिचा हवाला द्यावा. दोन्ही सूचना नीट वाचल्या तर त्यांचा विरोधही तेवढा नव्हता. पहिल्यांना नको होता दत्तकविधानाचा आणि दरबारी समारंभांचा तपशील, दुसऱ्यांना हवा होता राजाच्या शाळेतला अभ्यास. म्हणून समारंभ एका परिच्छेदात आणले, आणि खेड्यातून आलेल्या, शालेय शिक्षण न झालेल्या मुलाला बाराव्या वर्षानंतर कसं शिकवलं गेलं हे भाग वाढवून लिहिलं. प्रकरण एकूण सात पानांनी कमी झालं. नोंद १.२ मध्ये हे सगळं कारणासह आलं, आणि २.४ मध्ये: ‘पाहा नोंद १.२, शिक्षणासंबंधीचा भाग नवी पाने ४१–४६.’

नकार

दुसऱ्या परीक्षकांची एक सूचना होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या सक्तीच्या शिक्षणाशी तुलना करणारं स्वतंत्र प्रकरण जोडावं. सूचना मोलाची होती आणि ती तिला आवडलीही होती. पण कोल्हापूरचा निर्णय १९१७ चा आणि प्रबंधाची कालमर्यादा १९०६ ला संपते. ते प्रकरण लिहायचं तर कोल्हापूरच्या दप्तरात बसून नव्याने काम करावं लागलं असतं. ते न करता दुय्यम पुस्तकांवरून वीस पानं लिहिली असती तर मूळ साधनांवर उभ्या असलेल्या प्रबंधात तेवढाच भाग पोकळ राहिला असता.

नकार देता येतो, पण तो देण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. अहवालात ही सूचना ‘अनिवार्य’ म्हणून आली आहे की ‘सुचवणी’ म्हणून, ही पहिली. इथे वाक्य ‘जोडल्यास प्रबंध अधिक समृद्ध होईल’ असं होतं, म्हणजे सुचवणी. अनिवार्य सूचना नाकारायची असेल तर ती निवेदनात पहिल्यांदा उघड करू नये. मार्गदर्शकाने परीक्षा विभागामार्फत आधी विचारणा करावी. दुसरी गोष्ट, नकाराचं कारण प्रबंधाच्या आतून यावं: कालमर्यादा, साधनं, संशोधनाचा प्रश्न. वेळ नव्हता, नोकरी आहे, पानं वाढतील, ही कारणं खरी असली तरी परीक्षकाला त्यांचं काही करता येत नाही.

तिची नोंद:

> २.६. बदल: स्वतंत्र प्रकरण जोडलेले नाही. प्रस्तावनेत कालमर्यादेचे स्पष्टीकरण (नवे पान ११) आणि शेवटच्या प्रकरणात पुढील संशोधनाची दिशा म्हणून कोल्हापूरच्या १९१७ च्या निर्णयाविषयी परिच्छेद (नवे पान २१४) जोडला आहे.
> कारण: प्रबंध १९०६ च्या कायद्यापाशी थांबतो. कोल्हापूरचा निर्णय त्यानंतर ११ वर्षांनी झाला असून त्याची मूळ साधने या संशोधनात तपासलेली नाहीत. तपासलेल्या साधनांखेरीज तुलना केल्यास ती बडोद्याविषयीच्या विवेचनाच्या तोडीची होणार नाही.

यात माफी नाही, वादही नाही. पहिलंच वाक्य ‘जोडलेले नाही’ असं आहे, हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं. बरेच जण नकार तीन ओळींच्या आभाराखाली झाकतात. परीक्षक घाईत वाचतो, मान्य केलं असं समजतो, आणि पान उघडल्यावर त्याला फसवल्यासारखं होतं. आभार निवेदनाच्या सुरुवातीला एकदा मनापासून मानावेत, तेवढे पुरे.

बाकीच्या सूचना लहान होत्या. चार प्रांतांचा नकाशा, मोडी कागदांच्या संदर्भांत दप्तर क्रमांक, शुद्धलेखन. शुद्धलेखनाला एकच नोंद केली, पण ‘सर्वत्र’ म्हणून सोडून दिली नाही; परीक्षकांनी दाखवलेली पानं नोंदवली आणि त्याच प्रकारच्या चुका इतरत्रही सुधारल्या असं लिहिलं.

दुरुस्त्या करताना तिला स्वतःला दोन चुका सापडल्या, ज्या कोणीच दाखवल्या नव्हत्या. एका पत्राची तारीख चुकली होती आणि एका तळटीपेत अहवालाचं वर्ष. त्या गुपचूप सुधारायच्या नाहीत. निवेदनाच्या शेवटी ‘सूचनांव्यतिरिक्त केलेले बदल’ असा भाग करून दोन्ही पानांसह लिहिल्या. परीक्षकांनी मंजूर केलेल्या मजकुरात त्यांच्या नकळत काही बदललं गेलेलं नाही, हे त्यातूनच त्यांना कळतं.

निवेदनावर तिची सही झाली, खाली ‘बदल पडताळले’ म्हणून माझी. ती सही मी प्रत्येक नोंदीचं पान उघडून पाहिल्यावर केली आणि तसं करताना १.५ मधला एक आकडा चुकलेला मिळाला. शोधगंगेवर चढवण्यासाठी दिलेली पीडीएफ आणि छापील प्रत एकाच फाइलमधून काढली, म्हणजे उद्या कोणी निवेदन आणि प्रबंध शेजारी ठेवून पाहिला तरी पान १३० वर तेच असेल. सारांश मात्र शोधगंगेसाठी वेगळ्या फाइलमध्ये द्यायचा होता आणि त्यात ‘एक वर्ष आधी सावरल्या’ हे वाक्य अजून तसंच होतं. ते काढून फाइल नव्याने दिली.